एक संडास, आठ इयत्ता

"महिन्याला घरात किती पैसे येतात?" हा प्रश्न सर्वेक्षणाच्या कागदावर अर्धी ओळ व्यापतो. बीडकडच्या एखाद्या ऊसतोड जोडप्याला तो विचारून पाहा. हंगामाआधी दोघांनी मिळून मुकादमाकडून एकरकमी उचल घेतलेली असते. तिच्यातला काही भाग मागच्या बाकीत वळता झालेला असतो, काही लग्नात नाहीतर दवाखान्यात गेलेला असतो. पुढचे पाच-सहा महिने तोडणी करायची ती ही उचल फेडण्यासाठी. उरलेले महिने गावाकडे खुरपणी, वेचणी, मिळेल ते काम. यातली महिन्याची मिळकत कोणती? उचल हातात पडली तो महिना धरायचा, की ती फिटत असते ते कोरडे महिने? समोरचा माणूस खोटं बोलत नसतो. प्रश्नच पगारदाराच्या घरात तयार झालेला असतो.

मग मिळकतीऐवजी खर्च विचारावा, असं अर्थशास्त्रज्ञ म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण खर्च नीट विचारायचा तर धान्य, तेल, मीठ, चपला, बसभाडं अशा शेकडो नोंदी घ्याव्या लागतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची उपभोग-खर्चाची प्रश्नावली तशीच लांबलचक असते. ज्या पाहणीचं मुख्य काम बाळाचं वजन घेणं, उंची मोजणं आणि आईला चार गोष्टी विचारणं हे आहे, तिला एवढा वेळ परवडत नाही. म्हणून आरोग्याच्या पाहण्यांनी तिसरी वाट धरली. घरात काय आहे ते बघायचं: पाणी कुठून येतं, संडास आहे का, खोल्या किती, टीव्ही आहे का, आई किती शिकली. ही उत्तरं पटकन मिळतात आणि बरीचशी डोळ्यांनी पडताळता येतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं, कारण या सगळ्या उत्तरांचा मिळून एकच आकडा करायचा असतो. त्यात कोणत्या गोष्टी घ्यायच्या आणि कुणाला किती भार द्यायचा, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

भार ठरवण्याची आज सर्वांत रुळलेली पद्धत भारताच्याच आकडेवारीवर नावारूपाला आली. 1992-93 मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी झाली. मुंबईत देवनारला असलेली लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण चालवते. त्यात मुलं शाळेत जातात का याची माहिती होती, पण घराच्या मिळकतीचा किंवा खर्चाचा प्रश्नच नव्हता. जागतिक बँकेतले डिऑन फिल्मर आणि लँट प्रिचेट यांना मात्र श्रीमंत आणि गरीब घरांतल्या मुलांच्या शाळेतलं अंतर मोजायचं होतं. त्यांनी घड्याळ, सायकल, रेडिओ, शिवणयंत्र, वीज, स्वयंपाकाचं सरपण, संडासाचा प्रकार, जमीन अशा 21 गोष्टी घेतल्या आणि भार ठरवायचं काम पीसीए नावाच्या गणिती पद्धतीवर सोपवलं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात अंतर दिसलं ते असं: देशभरात सरासरी पाहता श्रीमंत घरातलं मूल शाळेत असण्याचं प्रमाण गरीब घरातल्या मुलापेक्षा 31 टक्क्यांच्या फरकाने जास्त होतं. केरळात हा फरक 4.6 होता आणि बिहारमध्ये 42.6.

पीसीए काय करते हे समजायला गणित फार लागत नाही. कोणत्या वस्तू एकमेकींच्या सोबतीने घरात येतात, एवढंच ती पाहते. ज्या घरात फ्रीज आहे तिथे बहुधा टीव्हीही असतो, वीज असते, पक्की फरशी असते. अशा सोबतीने येणाऱ्या वस्तूंना जास्त भार मिळतो. जी वस्तू बाकीच्यांशी फटकून असते, तिला कमी मिळतो. चूल आणि सरपण बाकीच्या वस्तूंच्या उलट दिशेने जातात, म्हणून त्यांचा भार ऋण येतो. शेवटी प्रत्येक घराचे गुण एकत्र केले, घरं उतरंडीने लावली आणि पाच समान भाग पाडले की 'सर्वांत गरीब' ते 'सर्वांत श्रीमंत' असे पाच गट मिळतात. सर्वेक्षणाच्या अहवालांतून आपण वाचतो ते गट असेच पाडलेले असतात.

या पद्धतीचं आकर्षण असं की संशोधकाला स्वतःचं मत द्यावं लागत नाही. माझ्या मते तिची उणीवही तीच आहे. जमिनीचंच पाहा. फिल्मर आणि प्रिचेट यांच्या यादीत सहा एकरांहून जास्त जमीन असणं ही एक बाब होती आणि तिला अगदी किरकोळ भार मिळाला. कारण उघड आहे. जमीन खेड्यात असते. फ्रीज, नळ आणि फ्लशचा संडास शहरात असतो. गणिताला या दोन्ही गोष्टी एकत्र येताना फारशा दिसत नाहीत, म्हणून जमीन बाजूला पडते. मग दहा एकरांचा धनी मातीच्या घरात राहतो म्हणून खालच्या गटात जातो. उलट मुंबईतल्या झोपडपट्टीत एका खोलीत सहा जण राहतात, पण वीज, टीव्ही, गॅस आणि फरशी असल्यामुळे ते घर देशाच्या उतरंडीत बरंच वर जाऊन बसतं. गणिताने कमावलेला हा निष्पक्षपणा शहराच्या बाजूने झुकलेला असतो. पुढे जगभर अशा पाहण्या करणाऱ्या डीएचएस कार्यक्रमाने शहर आणि खेड्याचे गुण वेगळे काढून मग त्यांची सांगड घालायची रीत आणली, ती याच तक्रारींमुळे.

आणखी एक मर्यादा आहे. हे गुण ज्या-त्या पाहणीपुरतेच असतात. प्रत्येक पाहणीत सरासरी शून्यावर येते आणि सर्वांत खालचे वीस टक्के नेहमीच सर्वांत गरीब ठरतात, मग सगळा देश वर गेलेला असो की खाली. दोन देशांतली घरं शेजारी ठेवून पाहायची असतील, तर हा निर्देशांक उपयोगाचा नाही.

नेमकी हीच गरज 'माल-एड' या अभ्यासाला होती. लहान मुलांना वारंवार होणारे आतड्यांचे संसर्ग आणि त्यांची खुंटलेली वाढ यांचा संबंध शोधण्यासाठी आठ देशांतली आठ ठिकाणं निवडली होती. भारतात तमिळनाडूमधलं वेल्लोर, बांगलादेशात ढाका, नेपाळात भक्तपूर, पाकिस्तानात नौशहरो फिरोज, ब्राझीलमध्ये फोर्तालेझा, पेरूमध्ये लोरेतो, दक्षिण आफ्रिकेत वेंडा आणि टांझानियात हायडोम. संशोधकांनी मुख्य अभ्यासाशिवाय प्रत्येक ठिकाणी शंभर, म्हणजे एकूण आठशे घरांची पाहणी केली आणि त्यावरून 2014 मध्ये एक निर्देशांक मांडला. पाणी-संडास, वस्तू, आईचं शिक्षण आणि मिळकत या चार भागांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'वॅमी' म्हणतात.

त्याची रचना कागद-पेन्सिलने करता येईल इतकी सोपी आहे. चारही भागांना प्रत्येकी जास्तीत जास्त आठ गुण आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत बसणारं सुधारित पाणी असेल तर चार, सुधारित संडास असेल तर चार. आठ वस्तूंना एकेक गुण: वेगळं स्वयंपाकघर, बँक खातं, गादी, फ्रीज, टीव्ही, टेबल, खुर्ची किंवा बाक, आणि आठवी म्हणजे खोलीमागे माणसांची दाटी नसणं. आईच्या शाळेच्या वर्षांना दोनने भागायचं. सोळा वर्षं शिकलेल्या आईचे आठ गुण होतात. मिळकत डॉलरमध्ये घेऊन आठ पायऱ्यांत बसवायची. सगळ्यांची बेरीज करून 32 ने भागलं की शून्य ते एक यांमधला आकडा मिळतो.

वेल्लोरजवळच्या एका कल्पित घराचा हिशोब मांडून पाहू. नवरा-बायको आणि तीन मुलं, एक खोली. पाणी बोअरवेलचं, म्हणजे व्याख्येत बसतं: चार गुण. संडास नाही, उघड्यावर जातात: शून्य. वस्तूंमध्ये टीव्ही आहे, खुर्ची आहे, बँक खातं आहे: तीन. आई पाचवी शिकलेली: अडीच. मिळकत महिना 4,400 रुपये. 2010 च्या सुमाराला डॉलर साधारण 45 रुपयांना होता, म्हणून हे 98 डॉलर झाले. वॅमीच्या तक्त्यात 72 ते 106 डॉलर ही चौथी पायरी आहे: चार गुण. एकूण साडेतेरा. 32 ने भागून 0.42.

आता या घरात इतर काहीही न बदलता चांगला संडास बांधला, तर बेरीज साडेसतरा होते आणि गुण 0.55 वर जातात. तेवढीच वाढ आईच्या शिक्षणातून हवी असेल तर तिने आणखी आठ इयत्ता शिकलेलं असायला हवं, म्हणजे पाचवीऐवजी तेरावी. किंवा घरात गादी, टेबल, फ्रीज आणि वेगळं स्वयंपाकघर या चारही गोष्टी याव्या लागतील. एक फ्रीज म्हणजे आईची दोन वर्षांची शाळा. चारही भागांना समान गुण आहेत हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण समान गुण देणं हासुद्धा एक भारच आहे आणि त्यातून असे विनिमयाचे दर आपोआप ठरतात. कुठलाही निर्देशांक हाती आला की पहिल्यांदा हे दर काढून पाहावेत असं मला वाटतं. ते पटले नाहीत तर पुढचं सगळं गणित कितीही देखणं असलं तरी उपयोग नाही. वॅमीच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगता येते. त्याचे दर उघडे आहेत, कुणालाही दिसतात आणि त्यांवर वाद घालता येतो. पीसीएचे दर अहवालाच्या परिशिष्टात दशांश चिन्हांमागे असतात.

आठच वस्तू का, आणि याच का? माल-एडच्या संशोधकांनी मोठ्या यादीतून सुरुवात केली आणि मुलांच्या वयानुसार उंचीशी ज्यांचा संबंध सर्वांत घट्ट दिसला त्या वस्तू ठेवल्या. त्यांना मुलांच्या वाढीचाच अभ्यास करायचा होता, म्हणून ही निवड त्यांच्या कामापुरती रास्त आहे. पण त्यामुळे या निर्देशांकाचा अर्थ थोडा अरुंद होतो. तो गरिबीचा जो भाग मुलांच्या उंचीत उतरतो तेवढा मोजतो. उद्या कुणी तोच जसाच्या तसा उचलून कर्जबाजारीपणाच्या अभ्यासात वापरला, तर टेबल आणि गादीने तिथेही तेवढंच काम करावं याला काही आधार नाही.

याहून मोठा सापळा असा. समजा तुम्हाला हगवण आणि गरिबी यांचा संबंध शोधायचा आहे आणि तुमच्या निर्देशांकात पाणी आणि संडास मिळून चौथा हिस्सा आहे. मग गरीब घरांत हगवण जास्त दिसली, तर ती गरिबीमुळे की घाण पाण्यामुळे, हे सांगायची सोय उरत नाही, कारण तुम्ही कारणालाच गरिबीच्या आकड्यात कोंबून ठेवलं आहे. आईच्या शिक्षणाचंही तसंच. अशा वेळी तो भाग काढून उरलेल्या भागांचा निर्देशांक करायचा आणि काढलेला भाग वेगळा तपासायचा. वॅमीचे भाग सुटे असल्यामुळे हे करणं सोपं जातं.

वस्तू निवडताना सर्वांत जास्त चूक होते ती फरक न दाखवणाऱ्या वस्तू घेण्यात. ज्या वस्तीत शंभरातल्या अठ्ठ्याण्णव घरांत वीज आहे, तिथे वीज आहे का हे विचारून घरं वेगळी काढता येत नाहीत. शंभरात एकाच घरी मोटार असेल तर मोटारीनेही नाही. म्हणून पाच टक्क्यांपेक्षा कमी किंवा पंचाण्णव टक्क्यांपेक्षा जास्त घरांत असलेल्या गोष्टी बरेच जण गाळतात. पीसीएमध्ये तर अशा गोष्टी घातकही ठरतात. तिथे प्रत्येक बाबीला तिच्या विखुरलेपणाने भागतात. अर्ध्या घरांत असलेल्या वस्तूचा विखुरलेपणा 0.5 असतो, नव्याण्णव टक्के घरांत असलेल्या वस्तूचा जेमतेम 0.1. त्यामुळे दोघींचा भार सारखाच निघाला, तर दुसरी वस्तू नसल्याचा फटका पाचपट बसतो. मग विचारणाऱ्याने घाईत एक खूण चुकीच्या चौकटीत केली, तर ते घर एकदम तळाला जातं.

दुसरी अडचण गरीब वस्त्यांमध्ये हमखास येते. यादी शहरात बसून केलेली असते, वस्तू बहुतेक मध्यमवर्गीय घरातल्या असतात आणि निम्म्या घरांपाशी त्यांतलं काहीच नसतं. मग ती सगळी घरं एकाच गुणावर गठ्ठ्याने येतात. त्यांचा आलेख काढला तर डावीकडे एक उंच मनोरा उभा राहतो. अशा गठ्ठ्याचे पाच समान भाग पडत नाहीत आणि जिथे भेद समजायला हवा होता तिथेच मोजमाप आंधळं होतं. यावर उपाय गणितात नाही, यादीत आहे. गरिबातल्या गरिबात फरक दाखवणाऱ्या गोष्टी शोधाव्या लागतात: गोधडीवर झोपतात की चटईवर, शेळी आहे का, भिंत कुडाची की विटांची, पावसाळ्यात धान्य कितीदा उसनं आणलं. या गोष्टी टेबलाशी बसून सुचत नाहीत. आधी वीस-तीस घरांत फिरून, गावातल्याच चार बायकांना 'या आळीत कोणाचं बरं चाललंय आणि ते तुम्हाला कशावरून वाटतं' असं विचारावं लागतं. त्यांची उत्तरं आणि तुमची यादी जुळत नसतील, तर यादी बदलायची.

आपल्याकडे एकदा यादीच पार भरकटली होती. 2002 च्या ग्रामीण दारिद्र्यरेषेच्या गणनेत तेरा बाबी होत्या आणि प्रत्येकीला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. जमीन, घर, अन्न याबरोबरच घरात माणशी किती कपडे आहेत, स्थलांतर कशासाठी करता, आणि सरकारकडून कोणती मदत आवडेल हेही त्यात होतं. रोजगाराची मदत मागितली तर शून्य गुण, वेगळी मदत मागितली तर वरचे. आवडीनिवडीचे गुण जमिनीच्या गुणांत मिळवायचे आणि बेरजेवरून घर गरीब की नाही ते ठरवायचं! शिवाय ही यादी रेशन आणि योजनांशी जोडलेली होती, म्हणजे उत्तर कसं द्यावं यात प्रत्येकाचं हित गुंतलेलं. संशोधनाच्या पाहणीत माणसं बऱ्यापैकी खरं सांगतात, कारण त्यातून कार्ड मिळत नाही आणि जातही नाही. तीच प्रश्नावली लाभार्थी ठरवायला वापरली की दुसऱ्या दिवशी टीव्ही शेजारच्या घरी जाऊन बसतो.

निर्देशांक तयार झाला की तो बरोबर आहे का हे कसं ओळखायचं? खरी गरिबी कुठे लिहून ठेवलेली नसते, त्यामुळे थेट पडताळा नाही. पण दोन साध्या तपासण्या खूप काही सांगतात. एक म्हणजे घरांचे पाच गट पाडून प्रत्येक वस्तू कोणत्या गटात किती घरांत आहे याचा तक्ता करायचा. खालून वर जाताना प्रमाण वाढत गेलं पाहिजे. एखादी वस्तू मधल्या गटात उसळून पुन्हा खाली येत असेल, तर ती श्रीमंती सोडून दुसरंच काही दाखवते आहे. सायकलीचं पुष्कळदा असं होतं: अगदी गरिबाकडे ती नसते, जरा बरं चाललं की येते आणि मोटारसायकल आली की विकली जाते. दुसरी तपासणी म्हणजे भार बदलून पाहायचे. एकदा सर्वांना समान भार द्यायचा, एकदा पीसीएचा, आणि तळाच्या गटातली किती घरं दोन्ही वेळा तळाला राहतात ते मोजायचं. बहुतेक घरं जागची हलली नाहीत तर भारांवरचा वाद फारसा महत्त्वाचा नाही असं समजायचं. पुष्कळ घरं हलत असतील, तर दोष बहुधा भारांत नसतो. वस्तू मुळात कमी असतात किंवा चुकीच्या निवडलेल्या असतात.

आणि यादी शिळी होते. 1992-93 च्या यादीतल्या रेडिओ आणि घड्याळाला आज कोण विचारतो? पण वॅमीतल्या दोन बाबींचं भारतात जे झालं ते नुसतं शिळं होणं नाही. 2014 मध्ये जनधन योजना आली आणि त्याच वर्षी स्वच्छ भारत मोहीम. स्वतः वापरत असलेलं बँक खातं आहे असं सांगणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत 53 टक्के होतं, पाचव्या फेरीत ते 78.6 टक्के झालं. सुधारित संडासाची सोय असलेल्या घरांत राहणाऱ्यांचं प्रमाण 48.5 वरून 70.2 टक्क्यांवर गेलं. हे चांगलंच झालं. पण आपल्या वेल्लोरच्या घरातला संडास सरकारी अनुदानातून आला असेल, तर आईची पाचवी आणि महिन्याचे 4,400 रुपये तसेच राहून त्याचा गुण 0.42 वरून 0.55 होतो. पूर्वी संडास हा घरात पैसे साठल्याचा पुरावा होता. आता तो योजना पोचल्याचा पुरावा असू शकतो. दोन्ही गोष्टी मोजण्याजोग्या आहेत, पण त्या एक नाहीत.

म्हणून आज महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्यात अशी पाहणी करायची असेल, तर मी 'संडास आहे का' या प्रश्नाखाली आणखी तीन ओळी घालीन: त्यात पाणी कुठून आणता, काल घरातलं कोण कोण तिथे गेलं, आणि त्यात आता सरपण किंवा भुसा ठेवलाय का. बँक खात्यापुढे विचारीन, गेल्या तीन महिन्यांत त्यातून तुम्ही स्वतः पैसे काढले का. ज्या घरात खातं आहे पण पासबुक सावकाराकडे गहाण आहे, त्या घराला या बाबीचा गुण मिळू नये.